दादा, लॉस कव्हर करायचं आता थांबव

दादा,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय कारण घरात विषय काढला की तू चप्पल घालून खाली निघून जातोस आणि वहिनी आत जाऊन भांडी घासत बसते. नाव कुणाचंच लिहिणार नाही, ना तुझं ना वहिनीचं, पण नेरूळ ते ऐरोली आणि इकडे ठाण्यात वर्तकनगर, लोकमान्यनगरपर्यंत ज्या ज्या घरात एक दादा रात्री साडेदहाला बाथरूममध्ये मोबाईल घेऊन बसतो त्या सगळ्या दादांना हे लागू आहे, म्हणून त्यांनीही वाचावं.

तू बेटिंग का सुरू केलंस हे मी विचारणार नाही. ऑफिसमधल्या मुलांबरोबर फँटसी टीम लावायचास, 49 रुपयांचे कॉन्टेस्ट होते, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा कायदा केला, ती ॲप पैसे घेऊन खेळवायची बंद झाली, आणि आम्हाला वाटलं सुटलो. पण तेव्हाच तुला कुणीतरी व्हॉट्सॲपवर आयडी दिली, म्हणजे चोरून चालणाऱ्या सट्ट्याच्या साइटवरचं खातं. माझं सगळं म्हणणं त्या आयडीबद्दल आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल. तू आता जिंकायला खेळत नाहीयेस, तू गेलेले पैसे परत आणायला खेळतोयस. मला भीती त्याची आहे.

वहिनीने मला तुझं स्टेटमेंट दिलं. तिच्यावर चिडू नकोस, रिटर्न भरायचं म्हणून मीच मागितलं होतं, आणि आयुष्यभर लोकांची खाती लिहिणाऱ्या माणसाला त्या पानांवर काय चाललंय ते कळायला वेळ लागत नाही. एका रात्रीचं मी वहीत वेगळं उतरवून काढलं कारण त्या रात्रीबद्दल तू स्वतः मला सांगितलं होतंस, "अगं त्या दिवशी मी कव्हर केलंच होतं, शेवटच्या ओव्हरने घात केला." तर ती रात्र आपण परत एकदा शांतपणे बघू.

आधी रेट. तुझ्या आयडीवर सेशनला, म्हणजे ठरलेल्या ओव्हरमध्ये किती रन होतील त्या पैजेला, दोन्ही बाजूंना रुपयामागे 90 पैसे मिळतात. म्हणजे हजार लावले आणि बरोबर आलं तर 900 मिळणार, चुकलं तर अख्खे हजार जाणार. एकोणीस वेळा हजार-हजार लावले आणि त्यात दहा वेळा तू बरोबर आलास तर 9,000 आले, नऊ वेळा चुकलास तर 9,000 गेले, हातात शून्य. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त वेळा बरोबर येऊनसुद्धा तू फक्त जिथे होतास तिथेच राहतोस. आणि सेशनचा भाव 47-48 असा दोन आकड्यांत येतो ना, यस घेतलंस तर 48 किंवा जास्त हवेत, नॉट घेतलंस तर 46 किंवा कमी. बरोबर 47 झाले तर यसवालाही गेला आणि नॉटवालाही गेला, दोघांचे पैसे आयडीवाल्याच्याच खिशात. तू म्हणतोस एका रनने हुकलं, नशीब. त्यात नशीब नाही रे दादा, ती एका रनची जागा आधीपासून त्याच्यासाठी ठेवलेली असते.

आता ती रात्र. सहा ओव्हरच्या सेशनला 500 लावलेस, गेले. दहा ओव्हरला 1,000, गेले. मग 2,000, मग 4,000, मग दुसऱ्या इनिंगच्या पॉवरप्लेला 8,000. पाचही गेले, 15,500 झाले. स्टेटमेंटमध्ये दर वेळी वेगळ्याच नावाने पैसे गेलेत, एकदा कुठलंतरी मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, एकदा ट्रॅव्हल्स, एकदा एका बाईचं नाव. सहाव्यांदा तू 16,000 टाकलेस आणि ते आलं. तुला वाटलं कव्हर झालं. पण 16,000 वर 90 पैशांनी 14,400 मिळतात, गेलेले होते 15,500. म्हणजे पाच हरून सहावं जिंकल्यावरसुद्धा तू 1,100 ने खालीच होतास. डबल करत गेलं की एक जिंकलं की सगळं वसूल, हे जे तुमच्या ग्रुपमध्ये सगळे बोलतात ते एकास एक भाव असेल तरच खरं आहे, 90 पैशांना ते खरं नाही, आणि एकास एक तुला तिथे कुणी देत नाही.

त्या क्षणी आयडीत 30,400 होते. विड्रॉल मारला असतास तर 1,100 रुपयांत ती रात्र मिटली असती. पण 1,100 बाकी होते ना. तेवढे काढायला तू परत बसलास, मग डेथ ओव्हर, मग शेवटची ओव्हर, आणि अकराच्या आसपास सगळे 30,400 संपले. घरातून गेलेले एकूण 31,500, तुझ्या पगाराच्या अर्ध्याहून जास्त, एका मॅचला. शेवटच्या ओव्हरने घात केला नाही, अकराशे रुपयांसाठी तू उठला नाहीस, आणि तू उठू नयेस अशीच ती सगळी रचना आहे.

तू म्हणशील सलग पाच वेळा हरणं रोज होत नाही. बरोबर, नाणं उडवल्यासारखं धरलं तर बत्तीसमध्ये एकदा. पण 2025 च्या आयपीएलला 74 मॅच होत्या, रोज संध्याकाळी असेच पाच सेशन लावत गेलास तर सीझनमध्ये सरासरी दोन-तीन रात्री अशा येणार, आणि मधल्या सगळ्या चांगल्या रात्रींमध्ये मिळून तू जे कमावतोस ते प्रत्येक वेळी जास्तीत जास्त साडेचारशेच्या हिशोबाने असतं. थेंब थेंब येतं आणि एका रात्रीत हंडा फुटतो. आणि पाच हरलास म्हणून सहावं "आता तर येणारच" असं काही नसतं, बॅट्समनला तुझे आधीचे पाच माहीत नसतात.

अजून एक गोष्ट. तू मॅच मोबाईलवर बघून लावतोस. तुझ्याच बिल्डिंगमधल्या लोकांना विचार, डी. वाय. पाटीलला मॅच असली की आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि मोबाईलवर विकेट नंतर पडते. स्ट्रीमिंग कित्येक सेकंद मागे असतं. ज्याच्याकडे मैदानातून आधी खबर येते तो भाव हलवतो, बंद करतो, परत उघडतो, आणि तू जुनी मॅच बघून ताजा भाव घेतोस. यात क्रिकेटची समज कामाला येत नाही. तुझी क्रिकेटची समज चांगली आहे हे मी लहानपणापासून बघितलंय, कुठल्या पिचवर कोण चालेल ते तू आधी सांगायचास, म्हणून तर हे जास्त लागतं. समज आहे या भरवशावरच तू पैसे टाकत राहिलास.

तुमच्या टेलिग्रामवरच्या टिपवाल्याचंही तेच. अर्ध्या लोकांना सांगायचं ही टीम जिंकणार, अर्ध्यांना सांगायचं ती. ज्यांचं चुकलं ते ग्रुप सोडतात, ज्यांचं बरोबर आलं त्यांना परत अर्धं अर्धं. चार मॅच झाल्या की उरलेल्या थोड्या लोकांना वाटतं याला सगळं माहीत आहे, आणि ते फी भरतात. तू 2,500 भरलेत, तेही मला दिसलं.

आता खात्याचं. आईला तू सांगितलंस की बँकेचा सर्व्हर डाऊन आहे म्हणून पैसे पाठवता येत नाहीत. सर्व्हर डाऊन नव्हता दादा, तुझ्या सॅलरी अकाउंटवर होल्ड लागला होता, 4,800 च्या विड्रॉलमुळे. हे कसं होतं ते सगळ्यांनीच समजून घ्या, कारण जिंकलेल्यालाही हे होतं. आयडीवाल्याचं स्वतःचं खातं नसतं, तो भाड्याच्या खात्यांतून पैसे फिरवतो. त्याच खात्यांत कुठेतरी फसवलेल्या माणसाचे पैसेही येतात, कुणाच्या तरी आजोबांना खोट्या पोलिसाने घाबरवून काढलेले. ते आजोबा 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतात, पोलीस पैशाची साखळी धरून पुढे पुढे जातात, आणि ज्या ज्या खात्यात त्यातला तुकडा गेला तिथे बँकेला होल्ड लावायला सांगतात. तुकडा तुझ्याकडे आला होता. सोडवायचं तर बँकेकडून तक्रारीचा नंबर आणि कुठलं पोलीस ठाणं ते लेखी घ्यायचं, ते ठाणं दुसऱ्या राज्यातलंही असू शकतं, आणि त्यांना हे पैसे कशाचे ते सांगायचं. तू काय सांगणार होतास? ज्या पैशाला तू जिंकलेले म्हणत होतास ते कुणाचेतरी लुबाडलेले निघाले, आणि त्याच्यासाठी तुझा पगार अडकला, राणूची स्कूलबसची फी वहिनीने तिच्या बहिणीकडून आणली.

आणि समज उद्या तू मोठं जिंकलास आणि त्याने आयडीच बंद केली, तर कुणाकडे जाणार? ना कंपनी, ना पत्ता, ना पावती, एक व्हॉट्सॲप नंबर, तोही परदेशातला. ही सोय त्याच्या बाजूची आहे, तू हरलेले पैसे पक्के आणि जिंकलेले त्याच्या मर्जीवर.

मी सगळी बेरीज केली. मार्चपासून तुझ्या खात्यातून गेले 4,12,000, आले 1,37,000. निव्वळ 2,75,000. तू वहिनीला "लाखभर" सांगितलंस आणि मला वाटतं तू खोटं बोलला नाहीस, तुला खरंच तेवढंच वाटतं, कारण आलेले मोठे आकडे लक्षात राहतात आणि गेलेले पाचशे-हजार कुणी मोजत नाही. म्हणून कागदावर बघणं गरजेचं आहे.

हे 2,75,000 गेले दादा. ते आयडीत नाहीयेत, ते तुझी वाट बघत नाहीयेत. आता जे आहे ते फक्त देणं आहे आणि देण्याला रस्ता असतो. माझ्या वहीप्रमाणे चार ठिकाणी आहे: लोन ॲप, वहिनीच्या पाटल्यांवरचं गोल्ड लोन, पतपेढी, आणि तुझा मित्र. पहिलं लोन ॲपचं संपवायचं कारण व्याज तिथे सगळ्यात चढं आहे. ते लोक रात्री फोन करतात म्हणालास, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही, आणि तुझ्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांना त्रास देणं तर अजिबात चालत नाही. कॉल रेकॉर्ड, स्क्रीनशॉट जपून ठेव, तक्रार मी लिहून देते. पाटल्या लिलावात जाऊ नयेत म्हणून तिथलं व्याज चालू ठेवायचं. पतपेढीत स्वतः जाऊन हप्ता लहान करून मागायचा, ते लोक ओळखीचे आहेत, ऐकतील. मित्राला खरं सांगायचं. महिन्याला पंधरा हजार बाजूला निघाले तर व्याज धरून पावणेदोन-दोन वर्षं लागतील. मला माहितीय हे ऐकून तुझ्या पोटात खड्डा पडेल, कारण तुला ते या सीझनमध्ये, एका आठवड्यात, जमलं तर आज रात्री हवंय. पण दोन वर्षांचा हा हिशोब जुळतो, आज रात्रीचा जुळत नाही, वर करून दाखवला तुला.

आयडीवाल्याने जे 40,000 उधारीवर खेळायला दिले आणि आता सोमवारी सेटलमेंट मागतोय, त्याबद्दल. त्याच्यासाठी नवीन लोन काढायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, पैजेत जिंकलेले पैसे वसूल करायला कुणी कोर्टात जाऊ शकत नाही. तो घरी माणूस पाठवायची धमकी देतोय ती धमकीच आहे आणि धमकीची तक्रार होते. फक्त महाराष्ट्रात 1887 चा जुगाराचा कायदाही आहे, 2025 च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही पण तेवढ्यावर जाऊ नये, म्हणून पोलिसांकडे जायच्या आधी आपण वकिलाशी बोलू. मी एकांशी बोललेय, ते ठाणे कोर्टात असतात, शनिवारी भेटतात. तू एकटा जाऊन त्याच्याशी काही ठरवू नकोस.

आता माझ्याकडून काय मिळणार ते स्पष्ट लिहिते. मी तुला रोख पैसे देणार नाही. आईलाही सांगितलंय, तिने एफडी मोडायची नाही. तू चिडशील, म्हणशील सख्खी बहीण असून. पण आजवर ज्यांनी ज्यांनी तुला एकरकमी दिलं, मित्राने दिलं, पतपेढीने दिलं, प्रत्येक वेळी स्टेटमेंटमध्ये त्याच आठवड्यात आयडीला पैसे गेलेले दिसतात. देणं मिटलं की मन मोकळं होतं आणि मोकळ्या मनाला वाटतं आता एकदाच. गोल्ड लोनचं व्याज मी परस्पर तिथे भरेन, राणूची फी शाळेत भरेन. तुझ्या हातात नाही.

आणि तुझ्याकडून मला हवं ते हे की पगार वहिनीच्या खात्यात वळव, तुझ्या खात्याची यूपीआय लिमिट बँकेत सांगून दिवसाला दोन हजारवर आण, क्रेडिट कार्ड बंद कर, ते व्हॉट्सॲप-टेलिग्राम ग्रुप माझ्यासमोर डिलीट कर आणि नंबर बदल, कारण तू सोडलंस की ते लोक बोनस घेऊन परत येतात, "भाई 5,000 फ्री", आणि तो बोनस काढायला तुला परत कितीतरी पट खेळावं लागतं. मोबाईलवर मॅच बघणंही थोडे महिने बंद. बघायचीच तर आमच्याकडे ये, हॉलमध्ये टीव्हीवर सगळ्यांबरोबर बघू.

डॉक्टरचं नाव काढलं की तू म्हणतोस मी वेडा नाही. कुणी म्हणालंच नाही वेडा. जुगाराची सवय हातातून जाणं हा आजार म्हणून डॉक्टरांच्या पुस्तकात आहे, दारूच्या व्यसनाच्या शेजारीच 2013 पासून ठेवलाय, त्याची नऊ लक्षणं दिलीत आणि त्यातलं एक अगदी हेच आहे, हरलेले पैसे परत आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळणं. बाकीची वाचलीस तर तुला स्वतःला ओळखता येईल: रक्कम वाढवत नेल्याशिवाय मजा न येणं, थांबवायला गेलं की चिडचिड, घरी किती गेले ते लपवणं, दुसऱ्यांनी पैसे देऊन सोडवायची वेळ येणं. त्यावर समुपदेशन असतं, त्या खेळायच्या ओढीच्या वीस-तीस मिनिटांत काय करायचं ते शिकवतात. ठाण्याच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, सरकारी आहे, खर्च नाही. तिथे जायचं नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, नाव नाही सांगितलंस तरी चालतं.

हे शेवटचं मला सगळ्यात जड जातंय. मागच्या रविवारी जेवताना तू म्हणालास, मी नसलो तर विम्याचे तरी पैसे येतील. सगळे हसण्यावारी गेले. मी नाही गेले. मी सरळ विचारते, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का? येत असेल तर मला सांग, मी ओरडणार नाही, रडणारही नाही, निघून तुझ्याकडे येईन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मला फोन लागला नाही तर 14416 लाव, पण एकटा बसू नकोस. 2,75,000 हे देणं आहे आणि मी त्याचा महिन्याचा कागद करून ठेवलाय. तुझ्या जागी मांडायला माझ्याकडे कुठलाच कागद नाही.

शनिवारी वकिलांची वेळ बारा वाजताची आहे, ठाणे स्टेशनला साडेअकराला तिकीट खिडकीपाशी ये, लोन ॲपचे मेसेज आणि पतपेढीचं पासबुक बरोबर आण. सोमवारी ओपीडीला मी सुट्टी घेतलीय, सकाळी लवकर जावं लागतं, वहिनीही येतेय म्हणाली. आयडीवाल्याचा फोन सोमवारच्या आधी आला तर उचलू नकोस, आला की मला कळव.

तुझी,
छोटी